गृहत्यागाला अठरा गुण

सकाळी ७

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘जैन व बौद्ध धर्म’ हा पेपर आहे. ६० गुण, अडीच तास. आज त्याची प्रश्नपत्रिका काढायची आहे. घरी बसून प्रश्न लिहायची सोय नाही. परीक्षा विभागाच्या खोलीत गेल्याशिवाय कागदावर अक्षर उमटवायचे नाही, असा दंडक आहे. म्हणून सकाळच्या चहाबरोबर फक्त अभ्यासक्रम वाचते. त्यात घटकांपुढे तासिका दिलेल्या असतात आणि गुणांचे वजन तिथूनच ठरते. कर्मविचाराला बारा तासिका आहेत, संघव्यवस्थेला चार. गेल्या काही वर्षांच्या पत्रिका पाहिल्या तर गुण नेमके उलटे पडलेले दिसतात. कारण साधे आहे, संघावर प्रश्न काढणे सोपे.

१०.३०

फोन दारातच जमा करायचा, सहीचे रजिस्टर, मग कुलूपवाली खोली. आत आम्ही तिघे: समितीचे अध्यक्ष असलेले सर, मी, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून आलेली एक तरुण सहकारी. तिची ही पहिलीच वेळ. कोरे कागद मोजून मिळतात आणि फाडलेलेसुद्धा मोजून परत द्यायचे असतात.

सरांनी आल्या आल्या तक्ता आखला. आठवणीवरच्या प्रश्नांना १८ गुण, तुलनेला २४, चिकित्सेला १८. सहकारीने विचारले, “सर, आठवणीला इतके कमी? मुलं नापास होतील.”

सरांनी वहीत एक बेरीज केली. आठवणीचे आठपैकी सहा प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. चाळीस टक्क्यांना पास धरले तर २४ गुण लागतात. ज्याने फक्त पाठ केले आहे त्याला १८ मिळतील आणि तुलनेच्या उत्तरात नुसती माहिती लिहिल्याबद्दलही थोडे मिळतील. म्हणजे तो काठावर निघेल. प्रथम श्रेणी मात्र त्याला मिळणार नाही. “हेच हवंय ना आपल्याला?” सर म्हणाले आणि तक्ता तसाच ठेवला.

वेळेची बेरीज वेगळी करावी लागते. आठवणीला अर्धा तास पुरतो. तुलनेच्या तीनपैकी दोन प्रश्नांच्या उत्तरांना तासभर लागतो. चिकित्सेच्या प्रश्नात आधी उतारा वाचायचा असतो, तेव्हा त्याला पन्नास मिनिटे. एकूण दोन तास वीस मिनिटे होतात. उरलेली दहा मिनिटे पुरवणी बांधण्यात आणि पत्रिका दोनदा वाचण्यात जातात.

११.१५

आठवणीचे प्रश्न सगळ्यात सोपे, असा समज असतो. धर्माच्या पेपरात तेच दगा देतात. सहकारीने उत्साहाने दहा प्रश्न लिहिले होते. त्यातला एक: ‘एकोणिसाव्या तीर्थंकरांविषयी माहिती लिहा.’ वरवर निरुपद्रवी. पण श्वेतांबर परंपरेत मल्ली या स्त्री आहेत आणि दिगंबर परंपरेत मल्लिनाथ पुरुष. स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष मिळतो का, हा दोन्ही पंथांमधला जुना वाद त्यामागे उभा आहे. परीक्षकाच्या हातात एकच आदर्श उत्तर असेल, तर वर्गातली निम्मी मुले आपल्या घरी ऐकलेले लिहून गुण गमावतील. महावीरांच्या विवाहाचे तसेच. श्वेतांबर ग्रंथांत यशोदा आहे, प्रियदर्शना ही मुलगी आहे. दिगंबर मतानुसार ते अविवाहित होते. ‘आगम किती?’ हाही तसाच फसवा प्रश्न. मूर्तिपूजक श्वेतांबर ४५ मानतात, स्थानकवासी आणि तेरापंथी ३२, आणि मूळ आगम लुप्त झाले असे दिगंबर म्हणतात.

आणखी एक प्रश्न होता, बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या वर्षाचा. श्रीलंकेच्या परंपरेत इसवी सनापूर्वी ५४४ धरतात, आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ४८३ छापलेले असते आणि अनेक अभ्यासक ते आणखी अलीकडे, ४००च्या आसपास आणतात. तो प्रश्न काढून स्थळ विचारले. कुसिनारेबद्दल कुणाचे भांडण नाही.

“मग वादाचं काही विचारायचंच नाही का, मॅडम?” सहकारी जरा हिरमुसली.

विचारायचे, पण परंपरेचे नाव घेऊन. ‘श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेनुसार’ हे तीन शब्द प्रश्नात घातले की उत्तर एकच राहते आणि दुसऱ्या पंथाच्या मुलालाही अन्याय वाटत नाही. तीन गुणांच्या प्रश्नाला मोजता येतील असे तीन तुकडे असावेत, हा दुसरा नियम. ‘जैन त्रिरत्ने सांगा’ याला तीन नावे, तीन गुण, विषय संपला. ‘संवर म्हणजे काय?’ याला तीन गुण दिले की परीक्षक दीड द्यायचा की दोन, या विचारात पडतो. तेव्हा आम्ही तो ‘आस्रव, संवर आणि निर्जरा यांचा अर्थ प्रत्येकी एका वाक्यात लिहा’ असा केला.

१२.३०

तुलनेचा पहिला प्रश्न जुन्या पत्रिकांतून आपोआप हाताशी येतो: ‘जैन आणि बौद्ध कर्मसिद्धांताची तुलना करा.’ याची उत्तरे आम्ही तिघांनीही शेकड्यांनी तपासली आहेत. पहिले दीड पान जैनांवर, दुसरे दीड पान बौद्धांवर, शेवटी एक ओळ: ‘अशा प्रकारे दोन्ही धर्मांत साम्य व भेद आढळतात.’ त्या एका ओळीलाच आपण तुलना म्हणत आलो. मुलांचाही दोष नाही, कारण कशाच्या बाबतीत तुलना करायची ते प्रश्न सांगतच नाही.

म्हणून तुलनेचा आस प्रश्नातच द्यायचा. बराच काथ्याकूट होऊन हा मसुदा उतरला:

‘नकळत घडलेल्या हिंसेचे कर्म बांधले जाते का? जैन आणि बौद्ध विचार या मुद्द्यावर कोठे जुळतात व कोठे वेगळे होतात, ते कर्माच्या स्वरूपाविषयीच्या त्यांच्या कल्पनेच्या आधारे स्पष्ट करा. (१२)’

आता दोन स्वतंत्र टिपा लिहून सुटका नाही. जैन विचारात कर्म म्हणजे सूक्ष्म पुद्गल, जडद्रव्य. ते जीवाकडे खेचले जाते आणि राग-द्वेषादी कषायांमुळे त्याला चिकटते. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, हेतुपूर्वक केलेली कृती. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की फरक उघड होतो: एकीकडे बाहेर घडलेल्या कृतीला स्वतःचे वजन आहे, दुसरीकडे सगळा भार मनावर. मग जैन साधू पायाखाली जीव येऊ नये म्हणून चालण्याचे इतके नियम का पाळतो, हेही त्यातूनच सांगता येते.

पण इथेच चांगला विद्यार्थी आणि घाईचा विद्यार्थी वेगळे होतात. घाईचा लिहितो, ‘जैन हेतू मानत नाहीत, बौद्ध मानतात.’ हे चूक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाला धरून केली आहे. प्रमादयुक्त मन-वचन-कायेने प्राण जाणे म्हणजे हिंसा. म्हणजे जैन विचारातही मनाची अवस्था आलीच. फरक इतकाच, की सावध न राहणे हाच तिथे दोष ठरतो, मग मारायचा हेतू असो वा नसो. हे जो लिहील त्याच्यासाठी दोन गुण बाजूला ठेवले.

गुणदान असे ठरले: जैन कर्मस्वरूप ३, बौद्ध कर्मस्वरूप ३, एकाच वाक्यात दोघांना समोरासमोर आणणारी विधाने ४ (साम्याला १, भेदाला २, आचारावरील परिणामाला १), आणि वरची सूक्ष्मता २. खाली एक ओळ ठळक केली: केवळ दोन स्वतंत्र टिपा असतील, तर कमाल ६. ही ओळ नसेल तर तीन पाने भरलेला विद्यार्थी ९ घेऊन जातो. तुलनेच्या उरलेल्या दोन प्रश्नांना, पंचशील-अणुव्रत आणि निर्वाण-मोक्ष यांना, हाच साचा लावला. त्यात फार वेळ गेला नाही.

२

डबे खाल्ले. चहा दारातून आत येतो, आणणारा आत येत नाही.

आता चिकित्सा. या वर्गात बौद्ध मुले आहेत, जैन आहेत, हिंदू आहेत, मुसलमान आहेत. दीक्षाभूमीला घरच्यांबरोबर दरवर्षी जाणारी मुले याच बाकांवर बसतात. अशा ठिकाणी चिकित्सेचा प्रश्न दोन तऱ्हांनी वाया जातो. एकतर तो श्रद्धेची परीक्षा घेतो, किंवा घाबरून इतका गुळमुळीत होतो की त्यात चिकित्सेचे काही उरत नाही.

मी विषय सुचवला, सिद्धार्थाचा गृहत्याग. सरांनी चष्मा वर केला. “बाबासाहेबांचा आक्षेप?”

तोच. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते विचारतात: म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाने पाहिलेच नव्हते, हे पटण्यासारखे आहे का? ग्रंथात मग ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा मांडतात. शाक्यसंघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि त्यातून परिव्रज्या घेतो. एका श्रद्धास्थानाने दुसऱ्या श्रद्धास्थानाविषयीची रूढ कथा तपासली आहे. चिकित्सा करायला विद्यार्थ्याला परवानगी मागावी लागत नाही, ती ग्रंथातच झालेली आहे.

प्रश्नाला खोली यावी म्हणून आधार द्यायचे ठरले. मूळ उतारे लांब आहेत, तेव्हा आमच्याच शब्दांत चार टिपणे लिहिली. पहिले: रथातून जाताना दिसलेल्या चार दृश्यांची कथा, ‘बुद्धचरित’ आणि ‘निदानकथा’ यांतली. दुसरे: मज्झिमनिकायातले अरियपरियेसन सुत्त. त्यात रथ नाही, मध्यरात्र नाही. आईवडील रडत असताना केस-दाढी काढून, काषाय वस्त्रे घालून घर सोडल्याचे बुद्ध स्वतः सांगतात. जरा-मरणाचा विचार मात्र तिथे आहे. तिसरे: सुत्तनिपातातले अत्तदंड सुत्त. शस्त्र उगारण्यातून भय जन्मते, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी माणसे तडफडताना पाहून आपल्याला उद्वेग झाला, असे त्यात आहे. शाक्य-कोलियांचा तंटा या सुत्ताशी जोडतात ती अट्ठकथा, आणि तिच्या मते तो तंटा बुद्धत्व मिळाल्यानंतरचा आहे. बुद्धांनी तो मिटवला. चौथे: बाबासाहेबांचे प्रतिपादन.

धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात अत्तदंड सुत्ताच्या आधारे याच दिशेने विचार केला होता, बाबासाहेबांच्या आधी. ते अभ्यासक्रमात नाही, म्हणून टिपणात घेतले नाही. पण आमच्याकडे कोसंबी वाचलेले एखादे पोर निघतेच, म्हणून गुणदानात त्याची सोय केली; ती पुढे.

३.४५

प्रश्नाचे शब्द बसवायला तासभर गेला. ‘बाबासाहेबांचे मत योग्य आहे का?’ हे पहिल्या फटक्यात खोडले. त्याला हो किंवा नाही म्हणण्यापलीकडे काही लागत नाही, आणि परीक्षा केंद्रावर कुणी नाही लिहिण्याची शक्यताही कमी. शेवटी तीन भाग केले. अ: कोणत्या आधारात गृहत्यागाचे काय कारण दिसते आणि त्या आधारांचा प्रकार कोणता? आ: रूढ कथेवरील आक्षेपाच्या बाजूने दोन आणि विरोधात दोन कारणे दिलेल्या आधारांवरून द्या. इ: तुमचा निष्कर्ष सांगा, आणि कोणत्या गोष्टीमुळे तो बदलावा लागेल तेही लिहा.

मग मी दोन आदर्श उत्तरे हाताने लिहिली, घड्याळ लावून. एक आक्षेप मान्य करणारे: सर्वांत जुन्या आत्मकथनात चार दृश्ये नाहीत; रडणारे आईवडील आणि मध्यरात्रीचे गुपचूप निघणे जुळत नाही; उलट बाबासाहेबांच्या कथनात सिद्धार्थ घरच्यांच्या देखत निघतो. दुसरे उत्तर आक्षेप न मानणारे: रथ नसला तरी जरा-मरणाची चिंता जुन्या सुत्तातच आहे, रोहिणीचा तंटा तिसऱ्या टिपणानुसार नंतरचा, संघाच्या ठरावाचा आणि देशत्यागाचा प्रसंग दिलेल्या पाली आधारांत सापडत नाही. दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळायला हवेत, हीच प्रश्नाची कसोटी. एकाच बाजूचे उत्तर लिहिता येत असेल तर तो प्रश्न रद्द करायचा.

सर आणि सहकारी यांनी ती उत्तरे एकमेकांना न सांगता तपासली. गुणदानाचा तक्ता तेव्हा जुन्या साच्यातला होता: ‘माहिती ६, समर्पक विवेचन ८, निष्कर्ष ४’. सरांनी दोन्हींना १२ दिले. सहकारीने पहिल्याला १४, दुसऱ्याला ९.

“दुसऱ्यात विवेचन कमी वाटलं,” ती म्हणाली. मग स्वतःच पुन्हा वाचून थांबली. विवेचन दोन्हींत सारखेच होते, ओळीही जवळजवळ तितक्याच.

सरांनी तिला काही म्हटले नाही, तक्त्यावर काट मारली. ‘समर्पक विवेचन’ या शब्दांत ज्याला जे हवे ते बसते. त्यांनी नवा तक्ता लिहायला घेतला.

५

अ भागाला ५: चार आधारांतले कारण प्रत्येकी १, आणि सुत्त, अट्ठकथा, काव्य, आधुनिक ग्रंथ हा फरक ओळखल्यास १. आ भागाला ८: चार कारणे, प्रत्येकी २, त्यातला एक गुण कारणाचा आणि दुसरा ते दिलेल्या आधाराशी जोडल्याचा. इ भागाला ५: निष्कर्ष १, तो आ भागातून निघत असल्यास २, निष्कर्षाची मर्यादा सांगितल्यास २.

निष्कर्षाला एकच गुण, आणि तो कोणताही असला तरी मिळतो. ‘बाबासाहेब म्हणतात म्हणून खरे’ आणि ‘परंपरेत आहे म्हणून खरे’ या दोन्ही उत्तरांना इ भागात तो एकच गुण. भक्तीची वाक्ये असली तर गुण कापायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. ही सूचना लेखी द्यावी लागते. केंद्रावर चाळीस परीक्षक बसतात आणि प्रत्येकाच्या घरी देव्हारा किंवा बुद्धमूर्ती असते, किंवा यातले काहीच नसते.

नव्या तक्त्याने दोघांनी पुन्हा तपासले. सर १३ आणि १३, सहकारी १३ आणि १२. एका गुणाचा फरक कुठे पडला ते पाहिले: ‘तंटा नंतरचा’ हे कारण तिने आधाराशी जोडलेले मानले नव्हते, कारण उत्तरात ‘अट्ठकथा’ हा शब्द नव्हता. ‘ग्रंथाचे नाव किंवा टिपणाचा क्रमांक, दोन्ही चालतील’ अशी ओळ वाढवली.

६

कोसंबींचा मुद्दा उरला होता. सरांचे म्हणणे, अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनाला गुण दिले तर शहरातल्या ग्रंथालयांजवळ राहणाऱ्यांना फायदा होतो. माझे म्हणणे, न दिले तर वाचलेल्या मुलाने लिहायचे कशाला? वाद थोडा वाढला. शेवटी असे ठरले, की योजनेत नसलेले पण ग्रंथाचा आधार सांगणारे कारण आ भागातल्या चारपैकी एकाच्या जागी धरावे. वरचे गुण नाहीत. म्हणजे कोसंबी वाचणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि न वाचणाऱ्याचेही नाही.

मग स्वच्छ प्रत. सहकारीचे अक्षर चांगले म्हणून तिने लिहिली, मी बेरजा तपासल्या. उपप्रश्नांचे गुण आणि समासातले गुण जुळत नाहीत, ही छापील पत्रिकांतली सर्वांत नेहमीची चूक असते. इंग्रजी प्रतीत अत्तदंडचे स्पेलिंग सरांनी दोनदा पाहिले. कच्चे कागद मोजून दिले, पाकिटाला लाख लागली, फोन परत मिळाले.

दुसरा संच उद्या. त्यात चिकित्सेला गृहत्याग घेता येणार नाही. सहकारीने सल्लेखनेचा विषय सुचवला आहे: राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली तिला आत्महत्येच्या बरोबरीने धरले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. प्रकरण गाजलेले, आधार भरपूर. सर म्हणाले, “दोन्ही बाजूंची उत्तरं आधी लिहून आण, मग बोलू.” म्हणताना त्यांच्याच लक्षात आले की घरी लिहायचे नसते. तेव्हा ते काम सकाळी साडेदहालाच.